रोइंग मशीन आणि कंबर : चूक होते ती परतताना

रोइंग मशीनवरून उतरल्यावर कंबर धरली, की बहुतेक जण खेचण्याला दोष देतात. जोर जास्त लागला, झटका बसला, असं सांगतात. दुखणं खेचताना जाणवतं हे खरं, पण त्याची तयारी त्याआधीच्या एक-दीड सेकंदात, सीट पुढे सरकत असतानाच झालेली असते. हात, धड आणि पाय कोणत्या क्रमानं परत येतात, त्यावर पुढच्या ओढीचा भार मांड्यांवर पडणार की कमरेवर, हे ठरतं. खेचायचं कसं, हे जिममध्ये कोणी ना कोणी दाखवतं. परतायचं कसं, हे फारसं कोणी सांगत नाही. म्हणून इथे भर परतण्यावरच आहे.

सीट सरकती का असते?

हे मशीन मुळात नौकानयनपटूंसाठी बनलं. नदी गोठलेली असताना किंवा पाण्यात उतरणं शक्य नसताना सराव बुडू नये, हा हेतू. आज जगभरच्या जिममध्ये दिसणारं पंख्याच्या चाकाचं मशीन अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात डिक आणि पीट ड्रायसिगेकर या भावांनी घडवलं. त्यांचं पहिलं मॉडेल १९८१ सालचं. त्यात फिरतं चाक म्हणून सायकलचं चाक वापरलं होतं. मशीन सुधारत गेलं, पण नावेतली मूळ रचना त्यात कायम राहिली : पाय पट्ट्यांनी जखडलेले, हातात हँडल आणि बुडाखाली रुळावर सरकणारी सीट.

सीट सरकती असण्याचं एकच कारण आहे : पायांना काम करता यावं. वल्हवणं हे हातांचं काम असतं, तर बसायला साधी फळी पुरली असती. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ पुण्याच्या लष्करी रोइंग केंद्रात तयार झाले आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नौकेत उतरले. त्यांच्यासारख्या खेळाडूला दोन हजार मीटरची शर्यत पार करायची असते, आणि त्यातला मोठा वाटा मांड्या आणि खुबे उचलतात. हात शेवटी येतात आणि थोडंच काम करतात. दोघांच्या मधे असते ती पाठ. तिनं स्वतः ताकद निर्माण करण्यापेक्षा पायांची ताकद हँडलपर्यंत न सांडता पोचवायची असते. त्यासाठी ती ताठ आणि घट्ट राहायला हवी. ती कमरेत दुमडलेली असेल, तर पायांचा जोर हँडलपर्यंत जाण्याऐवजी त्या दुमडलेल्या जागी अडकतो, आणि तिथले स्नायू, बंध आणि मणक्यांमधल्या गाद्या तो सोसत बसतात.

एक ओढ, सावकाश

एक पूर्ण ओढ समजून घेताना सुरुवात शेवटापासून करू. पाय सरळ आहेत, हँडल बरगड्यांच्या खालच्या काठाशी टेकलेलं आहे, धड किंचित मागे रेललं आहे. किती मागे? घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणा. बाजूनं पाहणाऱ्याला तुम्ही उजवीकडे तोंड करून बसलेले दिसता आहात असं धरलं, तर ताठ बसलेलं डोकं बारावर असतं. ओढ संपताना ते अकरावर यावं आणि पुढे वाकल्यावर एकवर. एवढंच. दहावर जाण्यानं अंतर वाढत नाही. पोटाचे स्नायू आणि कंबर मात्र तेवढी जास्त ताणली जाते.

इथून परत निघायचं. पहिल्यांदा फक्त हात सरळ होतात. हँडल पोटापासून दूर जातं, गुडघे अजून सरळच असतात. हात सरळ झाले, की धड अकरावरून एकवर येतं. हे वाकणं खुब्यातून झालं पाहिजे, पोटावर घडी पडून नव्हे. ओळखायची खूण बुडाखाली आहे. बसल्यावर सीटला टेकणारी दोन हाडं हाताला लागतात; खुब्यातून वाकलं, की वजन त्या हाडांच्या पुढच्या कडेकडे सरकतं आणि मांडीच्या मागच्या शिरांना ताण जाणवतो. वजन मागे माकडहाडाकडे गेलं असेल, तर खुबे हललेच नाहीत आणि सगळं वाकणं कमरेनं केलं, असं समजावं.

हँडल गुडघ्यांच्या पलीकडे गेलं आणि धड एकवर स्थिर झालं, की मगच गुडघे वाकवायचे आणि सीट पुढे येऊ द्यायची. या टप्प्यात धडाचा कोन बदलत नाही. आधी जेवढं वाकलो तेवढंच वाकलेलं राहून आपण सीटवर बसल्या बसल्या पुढे सरकतो. नडग्या जमिनीशी काटकोनात आल्या, की थांबायचं. टाचा थोड्या उचलल्या गेल्या तरी चालतं.

आता खेचणं. पहिला जोर तळपायांनी द्यायचा. हात सरळ, खांदे सैल, धड एकवर तसंच. पाय सरळ होत जातात, त्या वेळी सीट आणि हँडल एकाच वेगानं, एकाच वेळी मागे आलं पाहिजे. पाय जवळपास सरळ झाले, की धड खुब्यातून उघडतं आणि एकवरून अकरावर येतं. सगळ्यात शेवटी कोपरं वाकतात आणि हँडल बरगड्यांपाशी येतं. जाताना पाय, धड, हात. येताना हात, धड, पाय. हे तीन तुकडे एकमेकांत मिसळलेले असतात, त्यांच्यात ठळक थांबे नसतात. पण सुरुवात कोणी करायची, हा क्रम पक्का असतो.

वेळेची वाटणीही महत्त्वाची आहे. सावकाश सरावात खेचण्याला एक वाटा, तर परतीला दोन वाटे वेळ द्यायचा. मिनिटाला वीस ओढी मारल्या, तर एका ओढीला तीन सेकंद मिळतात : एक सेकंद खेचायला, दोन परतायला. या दोन सेकंदांत शरीर पुढच्या भारासाठी नीट मांडून होतं.

परतीची घाई कमरेला कशी नडते

सगळ्यात जास्त दिसणारी चूक साधी वाटते. हात पोटाशी आले रे आले, की गुडघे वर येतात. हँडलला वाट उरत नाही, म्हणून ते गुडघ्यांवरून वळसा घालून न्यावं लागतं. एवढ्यानं कंबर दुखत नाही, पण पुढची साखळी इथून सुरू होते. गुडघे आधी वाकल्यामुळे धडाला खुब्यातून पुढे यायला वेळ मिळत नाही. सीट पुढच्या टोकाला पोचते तेव्हा धड अजून ताठ किंवा मागे रेललेलं असतं. मग हँडल आणखी पुढे न्यायचं, म्हणून माणूस शेवटच्या क्षणी खांदे आणि कंबर पुढे फेकतो. मांड्या पोटाला टेकलेल्या असल्यामुळे खुब्यात जागा उरलेली नसते. वाकायला मोकळी असते ती फक्त कंबर. ती गोल होते.

त्यात जमिनीवर स्थिर असलेल्या मशीनचा स्वभाव भर घालतो. पाण्यात नाव वल्हवणाऱ्याखालून सरकते. मशीनवर मात्र आपलंच पूर्ण शरीर पुढे जातं आणि टोकाला थांबवून उलट दिशेला वळवावं लागतं. सीट जितक्या वेगानं पुढे आली, तितका तो थांबा जोराचा. म्हणजे कंबर सगळ्यात जास्त वाकलेली असते, नेमक्या त्याच क्षणी शरीराचा वेग अडवण्याचा भार आणि नव्या ओढीचा पहिला झटका, दोन्ही तिच्यावर येतात. एका ओढीत हा ताण फार नसतो. पण वीस मिनिटांत चार-पाचशे ओढी होतात आणि दर वेळी तो त्याच जागी पडतो. कमरेचं दुखणं ही नौकानयनपटूंची सगळ्यात जुनी तक्रार आहे, आणि मशीनवरचा लांब सराव त्याचं एक ठळक कारण मानलं जातं. थकवा आला, की पाठ धरून ठेवणारे स्नायू ढिले पडतात आणि कमरेचा बाक दर ओढीला थोडा थोडा वाढत जातो. म्हणून पहिली पाच मिनिटं सुरेख करणाऱ्याची पंचविसाव्या मिनिटाला कंबर भरून येते.

गोल झालेल्या कमरेनं सुरुवात झाली, की खेचण्यातही दोन चुका आपोआप येतात. एका चुकीत पाय जोरात ढकलले जातात, सीट मागे पळते, पण हँडल जागचं हलत नाही, कारण पायांचा जोर कमरेच्या दुमडीत जिरतो. पाय सरळ होऊन संपतात, आणि उरलेली सगळी ओढ कंबर उचकून पूर्ण करावी लागते. दुसऱ्या चुकीत माणूस पायांच्या आधी धडच मागे फेकतो. गुडघे पूर्ण वाकलेले, कंबर गोल, आणि त्या अवस्थेत कंबर सरळ करत हँडल खेचायचं. जमिनीवरचं ओझं पाय न वापरता, पाठ वाकवून, झटक्यानं उचलणाऱ्याची कंबर धरते, तीच गोष्ट इथे घडते. दोन्ही चुका दिसतात खेचताना, पण दोन्हींचं मूळ परतीच्या पहिल्या अर्ध्या सेकंदात असतं.

बाजूनं पाहिलं, तर काय दिसतं

आमच्या जिममध्ये येणारे पन्नाशीतले एक गृहस्थ. नोकरी दिवसभर खुर्चीवरची. मशीनवर बसले, की वीस मिनिटं, मिनिटाला तीस ओढी, ५०० मीटरला अडीच मिनिटं हा वेग. मशीनच्या पडद्यावर हा वेग `2:30 /500m` आणि ओढींचा आकडा `30 s/m` असा दिसतो. चाकाच्या बाजूची खिट्टी, जिला डँपर म्हणतात, ती सरळ दहावर. दुसऱ्या दिवशी बूट घालताना कमरेत चमक भरायची.

त्यांच्या एका मित्रानं फोन सीटच्या उंचीवर, अगदी बाजूला धरून एक मिनिटाचं चित्रण केलं. ते सावकाश चालवून पाहिलं, तेव्हा सगळं उलगडलं. हात पोटाशी असतानाच गुडघे वर येत होते. सीट टाचांना जवळजवळ टेकत होती आणि नडग्या काटकोनाच्या पुढे झुकत होत्या. कमरेच्या पट्ट्याच्या वर शर्ट ताणून गोल बाक दिसत होता. खेचायला सुरुवात झाल्यावर सीट वीतभर मागे गेली, तरी हँडल तिथेच होतं. जोर कोणाच्या अंगावर पडतोय, याला आणखी पुरावा नको होता.

पडद्यावरही तेच दिसतं. बऱ्याच मशीनवर ओढीचा जोर दाखवणारी रेष असते. क्रम नीट असेल, तर तिला एकच गोलसर उंचवटा येतो. पाय आणि धड यांचा सांधा तुटला असेल, तर मधे खळगा पडून दोन उंचवटे दिसतात. त्यांच्या रेषेत खळगा होता.

दुरुस्ती त्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलून केली. आधी डँपर दहावरून चारवर आणला. हा डँपर म्हणजे वजन वाढवायची सोय, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात तो चाकाकडे किती हवा जाऊ द्यायची एवढंच ठरवतो. जास्त हवा मिळाली, की दोन ओढींच्या मधे चाक लवकर मंदावतं, आणि पुढची ओढ जड, मंद सुरुवातीनं करावी लागते. ती जड सुरुवात नेमकी कंबर सगळ्यात असुरक्षित असतानाच येते. तीन ते पाच हा टप्पा बहुतेकांना पुरतो. कमी डँपरवर व्यायाम कमी होत नाही; पाय जितक्या जोरानं ढकलाल, तितका भार मशीन परत देतंच.

मग पाय ठेवायची पाटी दोन भोकं खाली घेतली, पट्टा बोटांच्या मुळाशी येईल अशी. पाय जितके वर, तितके खुब्यातून वाकणं अवघड, कारण मांडीच्या मागच्या शिरा आखडून कमरेचा खालचा भाग मागे ओढला जातो आणि पाठ गोल होते. दिवसभर बसणाऱ्यांच्या या शिरा बहुधा आखडलेल्याच असतात. त्यांनी ताणण्याचे व्यायाम अवश्य करावेत, पण त्याचा गुण यायला वेळ लागतो. पाटी आजच खाली घेता येते.

शेवटी क्रम. त्यांनी परतीच्या मधे एक थांबा घेतला. हात सरळ, धड एकवर, गुडघे अजून सरळ, हँडल गुडघ्यांच्या पलीकडे. इथे मनात दोन अंक मोजायचे आणि मगच गुडघे वाकवायचे. हा थांबा घेणं सुरुवातीला जिवावर येतं, कारण मांडीच्या मागे ताण बसतो. तोच ताण खुबे काम करत असल्याची खूण आहे. थांबा अंगवळणी पडेपर्यंत त्यांनी पाच मिनिटांहून लांब तुकडा केला नाही. प्रत्येक तुकड्यानंतर उभं राहून दोन मिनिटं चालायचं, मग पुढचा तुकडा. चार तुकड्यांत वीस मिनिटं तशीच भरत होती.

ओढींची संख्या तीसवरून वीसवर आणताना वेगही उतरू दिला, ही गोष्ट महत्त्वाची. अडीच मिनिटांचा वेग कायम ठेवून ओढी वीसवर आणल्या असत्या, तर दर ओढीला दीडपट काम पडलं असतं, आणि जुनी सवय असलेल्या कमरेनंच ते उचललं असतं. म्हणून ५०० मीटरला पावणेतीन मिनिटं असा वेग ठरवला. त्या वेगाला वीस मिनिटांत सुमारे ३,६०० मीटर होतात. आधी ४,००० होत. अंतर दहा टक्क्यांनी घटलं, पण ओढी सहाशेवरून चारशेवर आल्या. म्हणजे कमरेवर भार येण्याचे दोनशे प्रसंग टळले, आणि प्रत्येक ओढीला लागणारं काम जवळपास आधीइतकंच, अगदी थोडं जास्त राहिलं. काही आठवड्यांनी सीट आणि हँडल एकत्र हलू लागलं, तेव्हा त्यांनी ओढी बावीस केल्या आणि वेग परत अडीच मिनिटांवर नेला. रेषेतला खळगा भरला होता.

घरी तपासता येणारी खूण

पाय आणि पाठ यांचा सांधा जुळला की नाही, हे पाहण्यासाठी एक सराव फार उपयोगी आहे. धड एकवर ठेवायचं, हात सरळ, आणि फक्त पायांनी ढकलायचं. पाय सरळ झाले, की धड आणि हात न वापरता तसंच परत पुढे यायचं. दहा ओढी अशा. यात साखळी पहिल्याच क्षणी ताणली जाऊन चाकाचा आवाज येतो का, ते ऐका. सीट हलल्यावर क्षणभरानं आवाज आला, तर मधला जोर कमरेत हरवला. पुढच्या दहा ओढींत पायांनंतर धड उघडायचं, हात सरळच. त्यानंतरच्या दहांत कोपरं वाकवून पूर्ण ओढ. व्यायामाच्या सुरुवातीला हे तीस ओढींचं बांधकाम केलं, की शरीराला क्रमाची आठवण होते.

हाताची पकडही पाहावी. मुठी करकचून आवळल्या, की खांदे कानांकडे चढतात, हात आधी वाकतात आणि पाठीला ढिलं पडण्याची मुभा मिळते. हँडल बोटांत अडकवल्यासारखं धरलं, तरी पुरतं.

वेळ आणि मर्यादा

पहाटे उठून थेट मशीनवर बसणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. उठल्यानंतरच्या पहिल्या तासात त्या जास्त ताठ असतात, आणि पुढे वाकताना त्यांच्यावर व बंधांवर दिवसाच्या इतर वेळेपेक्षा बराच जास्त ताण पडतो. कंबर आधी कधी दुखलेली असेल, तर उठल्यापासून तासाभरानं, थोडं चालून-फिरून मगच मशीनवर बसावं. आणि दिवसभर खुर्चीत वाकून बसून संध्याकाळी थेट सीटवर आलात, तरी आधी पाच मिनिटं उभ्यानं हालचाल करावी.

क्रम सुधारून सगळंच दुखणं जाईल असं नाही. व्यायामानंतर कमरेच्या दोन्ही बाजूंना सारखा, बोथट थकवा जाणवला आणि दुसऱ्या दिवशी उतरला, तर तो स्नायूंचा. एकाच जागी सुरी खुपसल्यासारखी चमक, कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरणारी कळ, पायाला मुंग्या किंवा पाऊल उचलताना अशक्तपणा वाटला, तर मशीन बंद करून डॉक्टरांना दाखवावं. मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. तिथे थांबणं परवडत नाही.

बाकी सगळ्यांसाठी नियम मोजका आहे. व्यायामाची लांबी घड्याळ बघून ठरवू नका. परतीचा क्रम किती वेळ टिकतो, त्यावर ठरवा. गुडघे हातांच्या आधी वर येऊ लागले, हँडल गुडघ्यांवरून वळसा घेऊ लागलं, की त्या दिवसाचा तुकडा तिथे संपला. तो सात मिनिटांवर संपला तर सात. आठवड्याभरानं नऊ होतील, कारण क्रम राखून केलेल्या सात मिनिटांत मांड्या आणि खुबे तयार होतात. क्रम मोडून रेटलेली पुढची तेरा मिनिटं फक्त कमरेच्या वाट्याला जातात.